ऑटोकोरिलेशनच्या शिखरावरून पिच काढताना फ्रेम किती लांब घ्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात बोलल्या जाणाऱ्या मराठीची ध्वनिमुद्रणे घेऊन त्यांतील आवाजाचा चढउतार मोजण्याचे काम आम्ही विद्यार्थ्यांसोबत करतो. पिच काढण्याची सर्वांत सरळ रीत ऑटोकोरिलेशनची आहे आणि तिचा प्रोग्रॅम दहा ओळींत बसतो. तरीही उत्तरे चुकली म्हणून परत येणाऱ्या बहुतेकांचा प्रोग्रॅम बरोबर असतो आणि फ्रेमची लांबी चुकलेली असते. त्यामुळे इथले जवळजवळ सगळे प्रश्न त्या एका आकड्याभोवती फिरतात. उदाहरणांसाठी शिवाजी पेठेतील सत्तरी ओलांडलेल्या एका आजोबांचे ध्वनिमुद्रण वापरले आहे. त्यांनी म्हटलेले वाक्य होते, “हा आपला रंकाळा.” मुद्रण सेकंदाला १६,००० सॅम्पल या वेगाने केले आहे.

घोष फ्रेम म्हणजे काय, आणि तिच्यातच पिच का शोधायचा?

स्वर आणि ग, ब, म, ळ यांसारखी घोष व्यंजने उच्चारताना स्वरतंतू ठरावीक काळाने मिटतात आणि उघडतात. प्रत्येक मिटण्याबरोबर मुखविवराला एक धक्का बसतो, त्यातून एक लहर उठते, ती विरत जाते आणि तोवर पुढचा धक्का येतो. या धक्क्यांमधले अंतर म्हणजे आवर्तनकाल, आणि एका सेकंदात असे किती धक्के बसतात ती संख्या म्हणजे मूल वारंवारता. व्यवहारात आपण तिलाच पिच म्हणतो. स किंवा फ उच्चारताना असे धक्के नसतात, त्यामुळे तिथे पिच विचारण्यात अर्थ नाही. मुद्रणातून कापलेल्या काही मिलिसेकंदांच्या तुकड्याला फ्रेम म्हणतात, आणि असे धक्के जिच्यात आहेत ती घोष फ्रेम.

ऑटोकोरिलेशनच्या शिखरावरून पिच नेमका कसा मिळतो?

फ्रेमची एक प्रत घ्यावी, ती मूळ फ्रेमवर ठेवून एकेक सॅम्पल सरकवावी, आणि प्रत्येक वेळी समोरासमोर आलेल्या सॅम्पलांचे गुणाकार करून बेरीज घ्यावी. किती सॅम्पल सरकवले त्या आकड्याला लॅग म्हणतात. प्रत अगदी एका आवर्तनाइतकी सरकली की लहरीवर लहर बसते आणि बेरीज पुन्हा मोठी होते. आपल्याला हवे असलेले शिखर ते हेच.

```
r[k] = Σ x[n]·x[n+k],   n = 0 … N−1−k
f0   = fs / k
```

येथे `N` ही फ्रेममधील सॅम्पलांची संख्या, `k` हा लॅग आणि `fs` हा सॅम्पलिंगचा वेग आहे. लॅग शून्य असताना बेरीज नेहमीच सर्वांत मोठी असते, म्हणून बाकीच्या सगळ्या बेरजांना `r[0]` ने भागतात आणि शिखराची उंची ० ते १ या मापात वाचतात. शोधही सर्व लॅगमध्ये करायचा नसतो. माणसाचा बोलण्यातला पिच साधारण ७५ ते ४०० हर्ट्झमध्ये धरला, तर १६,००० च्या वेगाला ४० ते २१३ एवढेच लॅग तपासावे लागतात.

```python
import numpy as np

def pitch(x, fs, fmin=75, fmax=400):
    x = x - x.mean()
    N = len(x)
    r = np.correlate(x, x, "full")[N-1:]
    r = r / r[0]
    lo, hi = int(fs/fmax), int(fs/fmin)
    k = lo + np.argmax(r[lo:hi+1])
    return fs/k, r[k]
```

पहिल्या ओळीत सरासरी वजा केली आहे, ती गाळू नये. स्वस्त रेकॉर्डरच्या मुद्रणात संपूर्ण लहर शून्याच्या थोडी वर किंवा खाली सरकलेली असते. ती तशीच ठेवली तर प्रत्येक लॅगला बेरीज फुगते आणि शोधाच्या पट्ट्यातील सर्वांत लहान लॅग विनाकारण जिंकतो.

आजोबांच्या ‘रंकाळा’मधील शेवटच्या ‘आ’च्या मध्यावर हे शिखर १४३ या लॅगला आले. १६,००० भागिले १४३ म्हणजे सुमारे ११२ हर्ट्झ.

सगळीकडे २० मिलिसेकंदांची फ्रेम वापरतात, मग इथे ती का चालत नाही?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि तो रास्त आहे. उच्चार ओळखण्यासाठी किंवा आवाज दाबून पाठवण्यासाठी २० ते २५ मिलिसेकंदांची फ्रेम घेतात, कारण तिथे मुखविवराचा आकार मोजायचा असतो आणि तेवढ्या काळात तो फारसा बदलत नाही. त्या कामात फ्रेममध्ये किती आवर्तने बसली याला दुय्यम महत्त्व असते. पिचच्या कामात मात्र सगळा हिशेब तिथूनच सुरू होतो.

वरच्या सूत्रात लॅग वाढत जातो तसे एकमेकांसमोर येणारे सॅम्पल कमी होत जातात. `N` सॅम्पलांपैकी `N−k` एवढेच उरतात. म्हणून आवाज अगदी काटेकोर आवर्ती असला तरी एका आवर्तनाच्या लॅगला शिखराची उंची १ येत नाही, ती सरासरीने `1 − k/N` एवढी येते. आवर्तन १४३ सॅम्पलांचे आहे असे धरून हिशेब करू. फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे ६४० सॅम्पलांची असेल तर उंची ०.७८ येते. फ्रेम २० मिलिसेकंदांची केली की ती ०.५५ होते, १५ ला ०.४० आणि १० मिलिसेकंदांना केवळ ०.११.

ही उंची घटल्याने काय बिघडते, ते ‘आ’च्या पहिल्या फॉर्मंटकडे पाहिले की कळते. मुखविवराचा तो अनुनाद ७०० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे त्याची स्वतःची लहर सुमारे २३ सॅम्पलांनी फिरते. तिच्यामुळे ऑटोकोरिलेशनमध्ये २३, ४६, ६९ अशा लॅगना छोटी शिखरे उठतात. त्यांतले २३ चे शिखर शोधाच्या पट्ट्याबाहेर राहते, पण ४६ चे आत येते. समजा, फ्रेमच्या लांबीचा परिणाम बाजूला ठेवला तर त्याची उंची ०.३५ आहे. फ्रेम ४० मिलिसेकंदांची असताना ते ०.३२ होते आणि खऱ्या शिखराच्या ०.७८ पुढे टिकत नाही. फ्रेम १० मिलिसेकंदांची केली तर ते ०.२५ वर राहते, आणि खरे शिखर ०.११ वर आलेले असते. प्रोग्रॅम निमूटपणे ३४८ हर्ट्झ हे उत्तर देतो, आणि सत्तरीच्या आजोबांचा आवाज लहान मुलापेक्षा वर जातो.

म्हणून फ्रेम मिलिसेकंदांत न मोजता आवर्तनांत मोजावी. आजोबांच्या आवाजाला २० मिलिसेकंदांत जेमतेम सव्वादोन आवर्तने बसतात. त्याच वाक्यासाठी आम्ही त्यांच्या नातीचाही आवाज घेतला होता. तिचा पिच सुमारे २२० हर्ट्झ असल्यामुळे तिला त्याच २० मिलिसेकंदांत जवळजवळ साडेचार आवर्तने मिळाली आणि एकही फ्रेम चुकली नाही. एकच प्रोग्रॅम नातीला बरोबर आणि आजोबांना चूक ठरवतो, त्याचे कारण एवढेच आहे.

मग किमान किती आवर्तने हवीत?

दोन ही अगदी तळाची मर्यादा आहे आणि तीन ही भरवशाची. ज्या आवाजाची अपेक्षा आहे त्यातील सर्वांत खालचा पिच ठरवावा आणि त्याची तीन आवर्तने बसतील एवढी फ्रेम घ्यावी. खालची मर्यादा ७५ हर्ट्झ धरली तर तीन आवर्तनांना ४० मिलिसेकंद लागतात. भाषाशास्त्रात सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या `Praat` या प्रोग्रॅममध्ये ऑटोकोरिलेशनची रीत निवडून खालची मर्यादा ७५ ठेवली की विंडो, म्हणजे तिथली फ्रेम, नेमकी एवढीच लांब होते, तीही याच हिशेबाने.

फ्रेममध्ये दीड आवर्तन असेल तर निदान कधीकधी तरी बरोबर उत्तर येते. ते का?

कारण त्या अवस्थेत उत्तर आवाजावर कमी आणि फ्रेम कुठून कापली यावर जास्त अवलंबून असते. हे जवळून पाहण्यासारखे आहे. आजोबांच्या ‘आ’मध्ये प्रत्येक धक्क्यानंतरच्या पन्नाससाठ सॅम्पलांमध्ये बहुतेक ऊर्जा असते; उरलेल्या आवर्तनात लहर विरत जाते. फ्रेम २४० सॅम्पलांची आहे असे समजा. १४३ च्या लॅगला फ्रेमचे पहिले ९७ सॅम्पल शेवटच्या ९७ सॅम्पलांसमोर येतात. धक्का फ्रेमच्या दहाव्या सॅम्पलला बसला असेल तर पुढचा धक्का १५३ व्या सॅम्पलला येतो, दोन्ही जोरकस भाग एकमेकांसमोर बसतात आणि शिखर ठळक उठते. पण धक्का शंभराव्या सॅम्पलला असेल तर पुढचा २४३ व्याला, म्हणजे फ्रेम संपल्यावर येतो. फ्रेममध्ये एकच जोरकस भाग उरतो आणि १४३ च्या लॅगला विरलेल्या शेपटीसमोर विरलेली शेपटी येते. `r[0]` मात्र त्या एकट्या जोरकस भागाने भरलेला असतो, त्यामुळे शिखर जवळजवळ नाहीसे होते. वर दिलेले ०.४० हे या सगळ्या जागांचे सरासरी चित्र आहे. प्रत्यक्षात उंची त्याच्या बरीच वरखाली हेलकावते.

यावरून एक साधी परीक्षा मिळते. फ्रेमची लांबी तीच ठेवून ती एकेक मिलिसेकंद पुढे सरकवत न्यावी आणि प्रत्येक वेळी पिच काढावा. माणसाचा पिच एका मिलिसेकंदात उडी मारत नाही. उत्तर ११२, ३४८, ११२ असे उड्या मारू लागले आणि त्या उड्या साधारण एका आवर्तनाच्या अंतराने पुन्हा येऊ लागल्या, तर फ्रेम आखूड आहे असे निःशंक समजावे.

हॅन विंडो लावल्यावर शिखर आणखी खाली का गेले?

विंडो फ्रेमच्या कडा दाबते, म्हणून फ्रेमची कामाची लांबी कमी होते. फ्रेममध्ये तीन आवर्तने असतील तर विंडोशिवाय शिखर ०.६७ च्या आसपास असते, हॅन विंडोने ते ०.४७ होते. दोनच आवर्तने असतील तर ०.५० वरून थेट ०.१७ वर येते. आजोबांच्या २० मिलिसेकंदांच्या फ्रेमचे ०.५५ हॅन विंडोनंतर ०.२५ राहते, आणि ‘उंची ०.४ पेक्षा कमी असल्यास फ्रेम अघोष’ असा नियम लावला असेल तर त्यांचा भरदार ‘आ’ अघोष म्हणून टाकला जातो.

यावर पॉल बोर्स्मा यांनी १९९३ मध्ये मांडलेला उपाय असा की विंडो लावलेल्या फ्रेमच्या ऑटोकोरिलेशनला खुद्द विंडोच्या ऑटोकोरिलेशनने भागावे, म्हणजे विंडोमुळे आलेली घसरण निघून जाते. उपाय नेमका आहे, पण मोठ्या लॅगला भाजकच शून्याच्या जवळ जातो आणि जराशी खरखरसुद्धा फुगून शिखरासारखी दिसते. त्यामुळे भागाकार केला तरी तीन आवर्तनांची अट सुटत नाही.

‘ई’मध्ये पिच दुप्पट येतो, ‘आ’मध्ये येत नाही. असे का?

‘ई’चा पहिला फॉर्मंट खाली, ३०० हर्ट्झच्या थोडा अलीकडे असतो. १४० हर्ट्झच्या आवाजात ‘आई’ म्हटले की दुसरा हार्मोनिक, म्हणजे मूल वारंवारतेच्या दुपटीचा २८० हर्ट्झचा घटक, नेमका त्या फॉर्मंटवर येऊन बसतो आणि एकटाच बलवान होतो. मग अर्धे आवर्तन सरकवल्यावरही लहर बरीचशी जुळते. आवर्तन ११४ सॅम्पलांचे आहे. अर्ध्या लॅगला, म्हणजे ५७ ला, खरी जुळणी ०.७० आहे असे धरा. फ्रेम ४० मिलिसेकंदांची असता ५७ चे शिखर ०.६४ आणि ११४ चे ०.८२ येते, म्हणजे उत्तर बरोबर मिळते. फ्रेम २० केली की ०.५८ विरुद्ध ०.६४, म्हणजे काठावरचा विजय. १५ वर आणली की ०.५३४ विरुद्ध ०.५२५, आणि निकाल २८१ हर्ट्झ. फ्रेम आखूड होताना मोठ्या लॅगची उंची जास्त वेगाने घटते, म्हणून आखूड फ्रेमची चूक नेहमी वरच्या दिशेने, दुपटीकडे झुकते.

मग ही घसरण काढूनच का टाकू नये?

काढता येते. प्रत्येक लॅगला सारख्याच लांबीचे दोन तुकडे जुळवावेत आणि त्यांच्या स्वतःच्या ऊर्जांनी भागावे, म्हणजे एका आवर्तनाचे शिखर १ च्या जवळ पोहोचते. पण मग दोन आवर्तनांचे शिखरही तितकेच उंच होते, आणि १४३ ऐवजी २८६ निवडून पिच निम्मा सांगण्याचा धोका उभा राहतो. साध्या सूत्रातली घसरण लहान लॅगला जी सवलत देते, तीच या चुकीपासून वाचवत असते. माझा कल साध्या सूत्राकडे आणि पुरेशा लांब फ्रेमकडे आहे. ज्यांना समान तुकडे हवेत त्यांनी बरोबरीच्या शिखरांतून सर्वांत लहान लॅगचे शिखर निवडावे.

असे असेल तर फ्रेम १०० मिलिसेकंदांचीच का घेऊ नये?

कारण आवाज थांबून राहत नाही. “हा आपला रंकाळा” या वाक्याच्या शेवटी आजोबांचा पिच शंभर मिलिसेकंदांत सुमारे १३० वरून १०० हर्ट्झवर उतरला. साध्या विधानाच्या शेवटी अशी उतरण सहज येते. त्या उतरणीच्या मध्यावर, ११५ हर्ट्झच्या ठिकाणी, दोन फ्रेम ठेवून पाहू. ४० मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये पिच १२१ वरून १०९ वर येतो, म्हणजे आवर्तन १३२ पासून १४७ सॅम्पलांपर्यंत वाढते. ८० मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये ते १२६ पासून १५५ पर्यंत जाते.

आता मधला १३९ हा लॅग घेतला तर लहान फ्रेममध्ये कुठलेही आवर्तन त्यापासून सातआठ सॅम्पलांपेक्षा जास्त दूर नसते. मोठ्या फ्रेममध्ये कडेची आवर्तने तेरा ते सोळा सॅम्पल दूर पडतात. हा फरक निर्णायक ठरतो, कारण ‘आ’च्या फॉर्मंटची लहर २३ सॅम्पलांची आहे आणि तिचे अर्धे साडेअकरा. त्याहून जास्त सरकलेल्या आवर्तनात उंचवट्यासमोर खळगा येतो, आणि त्या जागेचा गुणाकार बेरजेत भर घालण्याऐवजी तीतून वजा होतो. शिखर बसके, रुंद आणि कधी दुभंगलेले दिसू लागते. म्हणजे फ्रेम किती लांब चालेल हे पिच किती वेगाने बदलतो यावर तर ठरतेच, पण आवर्तनांत किती फरक खपेल ते फॉर्मंटच्या बारीक लहरीवरून ठरते. बरेच जण या दुसऱ्या बाजूचा विचारच करत नाहीत.

ओळखायचे कसे, तर शिखराची उंची `1 − k/N` ने भागून दोन लांबींसाठी ताडून पाहावी. आवाज स्थिर असेल तर हा भागाकार दोन्हीकडे साधारण सारखा येतो. फ्रेम वाढवल्यावर तो खाली येत असेल तर फ्रेमच्या आत पिच हलतो आहे.

लांब फ्रेम घेतल्याने पिच अधिक बारकाईने मोजला जातो का?

हा गैरसमज फूरिअर रूपांतराच्या सवयीतून येतो. तिथे फ्रेम वाढवली की वारंवारतेचे खाने बारीक होतात. इथे खाने सॅम्पलिंगच्या वेगाने ठरतात: १४३ च्या लॅगला १११.९ हर्ट्झ, १४४ ला १११.१, आणि फ्रेम कितीही लांब केली तरी मधले उत्तर थेट मिळत नाही. वरच्या पिचला हे अंतर जास्त बोचते. २५० हर्ट्झला ६४ आणि ६५ या लॅगमधला फरक जवळजवळ चार हर्ट्झचा होतो. शिखर आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे एकेक मूल्य घेऊन त्यांवर परवलय बसवले की ही अडचण दूर होते.

```
δ = (r[k-1] − r[k+1]) / (2·(r[k-1] − 2·r[k] + r[k+1]))
f0 = fs / (k + δ)
```

तरी एका बाबतीत फ्रेमची लांबी अचूकतेत ढवळाढवळ करते. गुणगुणण्यासारखा, वरचे हार्मोनिक जवळजवळ नसलेला आवाज असेल तर शिखर गोलसर आणि रुंद असते, आणि साध्या सूत्रातली घसरण त्याचा माथा लहान लॅगकडे ओढते. ११२ हर्ट्झच्या अशा आवाजात २० मिलिसेकंदांच्या फ्रेमने माथा सरासरीने तीन सॅम्पल अलीकडे येतो आणि पिच ११४ च्या वर दिसतो. ४० च्या फ्रेममध्ये ही चूक एका सॅम्पलवर येते. परवलय बसवण्यापूर्वी `1 − k/N` ने भागले की ती उरत नाही. ‘आ’सारख्या टोकदार शिखरात ही चूक नगण्य असते.

वाक्याच्या अगदी शेवटी पिच तुटक येतो. तिथे फ्रेम वाढवावी का?

वाढवून फारसा लाभ होत नाही. आजोबांच्या ‘रंकाळा’चा शेवट घोगरा होत विरला. तिथे स्वरतंतूंचे धक्के सुमारे वीस मिलिसेकंदांच्या अंतराने आणि अनियमित पडत होते. तीन आवर्तनांसाठी ६० मिलिसेकंद घेतले तरी ती तीन आवर्तने एकमेकांसारखी नसतात, म्हणून शिखर उठत नाही. अशा जागी लहरीचे चित्र उघडून धक्के हाताने मोजावेत, आणि नोंदीत ती जागा ‘घोगरा आवाज’ म्हणून वेगळी दाखवावी.

पंखा चालू असताना मुद्रण केले तर?

विजेच्या ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिचा १०० हर्ट्झचा हार्मोनिक मुद्रणात उतरतो, आणि १०० हर्ट्झ हा पुरुषाच्या पिचच्या पट्ट्यातच पडतो. बोलण्यापूर्वीच्या शांततेवर हाच प्रोग्रॅम चालवून पाहावा. तिथे एकसारखे १६० च्या आसपासचे लॅग येत असतील तर ती गुणगुण आहे. फ्रेम लांब केल्याने ती दडत नाही, उलट अधिक स्थिर दिसते, कारण तिचे आवर्तन कधीच बदलत नाही.

नवा आवाज आला की सुरुवात कुठून करावी?

आम्ही आधी ४० मिलिसेकंदांची फ्रेम आणि ७५ ते ४०० हर्ट्झचा पट्टा घेऊन पूर्ण मुद्रण एकदा चालवतो आणि त्या माणसाचा पिच साधारण कुठे वावरतो ते पाहतो. मग त्याच्या सर्वांत खालच्या स्थिर पिचची तीन आवर्तने बसतील एवढी फ्रेम ठरवून दुसऱ्यांदा मोजतो. पहिल्या फेरीत आजोबांचा खालचा स्थिर पिच ९० हर्ट्झ निघाला, म्हणून त्यांची फ्रेम ३४ मिलिसेकंदांची ठेवली. नातीचा खालचा पिच १८० होता आणि तिला १७ मिलिसेकंद पुरले. दोघांनाही फ्रेम पाच मिलिसेकंदांनी पुढे सरकवत नेली.